घरी रक्तदाब मोजताना: पट्टा, बैठक, वेळ आणि डॉक्टरांसाठीची नोंद

आमच्या शेजारच्या काकू एका सकाळी रक्तदाबाचे यंत्र हातात घेऊनच माझ्याकडे आल्या. तीन दिवसांपूर्वी दवाखान्यात त्यांचा रक्तदाब १५२/८८ भरला होता, डॉक्टरांनी घरी मोजून आकडे लिहून आणायला सांगितले होते, आणि त्या दिवशी घरच्या यंत्राने १६८/९८ दाखवले होते. गोळी एकाऐवजी दोन घ्यावी का, हा त्यांचा प्रश्न होता. मी बरीच वर्षे परिचारिका म्हणून काम केलेले असल्यामुळे गोळीविषयी बोलण्याआधी त्यांना एवढेच सांगितले, की घरी जसे मोजता तसेच माझ्यासमोर मोजून दाखवा. त्या दिवाणाच्या कडेला पाठ न टेकता बसल्या, पोलक्याची बाही वर सरकवून त्यांनी पट्टा बांधला, हात मांडीवर ठेवला आणि पट्टा फुगत असताना मला चहा किती वाजता घेतला ते सांगू लागल्या. यंत्र चांगले होते. मोजण्याच्या पद्धतीत मात्र पाच चुका होत्या, आणि त्यांतली जवळजवळ प्रत्येक चूक आकडा वर ढकलणारी होती. पुढे जे लिहिले आहे ते त्यांना सांगितले त्याच क्रमाने लिहिले आहे.

आधी दंडाचा घेर मोजा

बहुतेक लोक यंत्र विकत घेतात आणि त्यासोबत आलेला पट्टा आपल्या दंडाला लागेलच असे गृहीत धरतात. म्हणून सुरुवात यंत्रापासून न करता शिवणकामाच्या टेपपासून करावी. हात कोपरात काटकोनात वाकवा, खांद्याच्या टोकाला हाताला लागणारे हाड आणि कोपराचे टोक यांच्यामधले अंतर मोजा, त्याच्या बरोबर मध्यावर पेनाने खूण करा. मग हात सैल सोडून त्या खुणेवर टेप दंडाभोवती गुंडाळा. टेप कातडीला लागलेली असावी, पण दाबलेली नसावी. मिळालेला आकडा सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा.

आता यंत्राचा पट्टा उलटून पाहा. तो कोणत्या घेरासाठी आहे ते त्यावर छापलेले असते. मोठ्या माणसांच्या यंत्रासोबत येणारा साधा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटरचा असतो, काही यंत्रांसोबत २२ ते ४२ सेंटिमीटरचा रुंद मर्यादेचा पट्टा मिळतो, आणि मोठा पट्टा वेगळा घ्यावा लागतो. काकूंच्या दंडाचा घेर ३५ सेंटिमीटर होता आणि पट्टा ३२ पर्यंतचा होता. वेल्क्रो चिकटत होते म्हणून तो बसतो असे त्यांना वाटत होते. वेल्क्रो चिकटणे ही मापाची कसोटी नव्हे. पट्ट्याच्या आत हवा भरणारी जी रबरी पिशवी असते, ती दंडाच्या घेराचा सुमारे ऐंशी टक्के भाग व्यापणारी हवी.

असे का, हे समजले की चूक पुन्हा होत नाही. पट्टा बाहेरून दाब देऊन दंडातली रक्तवाहिनी दाबतो, आणि बाहेरचा दाब आतपर्यंत पुरेसा पोहोचला तरच तो आतल्या दाबाइतका होतो. पिशवी आखूड किंवा अरुंद असेल तर तिचा बराच दाब वाटेतल्या मांसातच विरतो, रक्तवाहिनी बंद करायला यंत्राला जास्त हवा भरावी लागते, आणि तो जास्तीचा दाबच आपल्याला रक्तदाब म्हणून दिसतो. ही अडचण यंत्राइतकीच जुनी आहे. रिवा-रोची या इटालियन डॉक्टरांनी १८९६ साली दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याची पद्धत मांडली, तेव्हा त्यांचा पट्टा जेमतेम ५ सेंटिमीटर रुंद होता. त्यामुळे आकडे खोटे वाढतात हे पाच वर्षांनी फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी दाखवले आणि पट्टा रुंद झाला. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये झालेला आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास तर नेमके मापच देतो: ज्यांना अतिमोठा पट्टा लागतो अशांचा रक्तदाब साध्या पट्ट्याने मोजला, तेव्हा वरचा आकडा सरासरी १९.५ ने जास्त आला. मोठा पट्टा लागणाऱ्यांमध्ये तो सुमारे ५ ने जास्त आला, आणि ज्यांचे दंड बारीक होते त्यांच्यात साध्या पट्ट्याने सुमारे ४ ने कमी आला. म्हणजे बारीक अंगाच्या आजींच्या दंडावर ढगळ पट्टा लावला, तर वाढलेला रक्तदाब लपूही शकतो.

मोठा पट्टा घेताना तो त्याच यंत्राच्या कंपनीचा आणि त्याच यंत्रासाठी दिलेला असावा, कारण यंत्रातले गणित त्या पट्ट्याला धरून बसवलेले असते. अजून यंत्रच घ्यायचे असेल तर दंडाला बांधायचे, आपोआप हवा भरणारे आणि माणसांवर तपासून प्रमाणित झालेले मॉडेल घ्यावे. `validatebp.org` आणि `stridebp.org` या संकेतस्थळांवर अशा मॉडेलांच्या याद्या आहेत. यंत्राच्या तळाशी छापलेला मॉडेल क्रमांक तिथे ताडून पाहावा. मनगटाचे यंत्र सोयीचे वाटते, पण मनगट हृदयाच्या पातळीवर नेमके धरणे घरी जमत नाही. त्यामुळे दंडाला बसेल असा पट्टा मिळतच नसेल तेव्हाच, तेही डॉक्टरांना विचारून, ते वापरावे.

पट्टा बांधणे

दंड उघडा असावा. घट्ट बाही वर गुंडाळली की तीच दंडाला आवळते, म्हणून घट्ट बाहीचे पोलके किंवा सदरा असेल तर हात बाहीतून सरळ बाहेर काढावा किंवा मोजण्यापुरता सैल, बिनबाह्यांचा कपडा घालावा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या आतल्या घडीपासून दोन ते तीन सेंटिमीटर वर, म्हणजे साधारण दोन बोटे वर, राहिली पाहिजे. पट्ट्यावर रक्तवाहिनीसाठी बाण किंवा रेघ छापलेली असते. कोपराच्या घडीत, छातीकडच्या बाजूला, दोन बोटांनी चाचपले की ठोका लागतो, त्याच्या रेषेत ती खूण आणावी. पट्टा इतका आवळावा की त्याच्या कडेखाली दोन बोटे सरकतील, पण पट्टा दंडावरून खाली घसरणार नाही. ज्यांचा दंड वर जाड आणि कोपराकडे निमुळता असतो, त्यांच्या दंडावर पट्ट्याची खालची कड सैल राहते. अशा वेळी पट्टा जरा तिरका गुंडाळला तरी चालतो, मात्र दोन्ही कडा अंगाला लागलेल्या हव्यात.

कोणता हात, हे पहिल्याच दिवशी ठरवावे. दोन्ही हातांवर एकामागून एक मोजून पाहावे आणि पुन्हा एकदा ताडून घ्यावे. वरच्या आकड्यात सातत्याने १० पेक्षा जास्त फरक दिसला तर ज्या हाताचा आकडा जास्त तो हात पुढे कायम वापरावा, आणि हा फरक डॉक्टरांना सांगावा. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढलेल्या असतील किंवा डायलिसिससाठी फिस्टुला केलेला असेल, तर त्या हातावर पट्टा बांधू नये.

बैठक, आणि हात कुठे टेकायचा

आपल्या घरांत जमिनीवर मांडी घालून किंवा दिवाणावर पाय दुमडून बसण्याची सवय असते. जेवणाला ती चांगली आहे, रक्तदाब मोजायला नाही. पाठ असलेली खुर्ची घ्यावी, पाठ पूर्ण टेकवावी, दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट ठेवावेत आणि पायावर पाय टाकू नये. ठेंगण्या माणसाचे पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवावा. पाठ अधांतरी असली किंवा पाय एकमेकांवर असले की शरीराचे स्नायू ताणलेले राहतात आणि रक्तदाब काही अंकांनी चढतो.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते हाताच्या उंचीकडे. पट्ट्याचा मध्य हृदयाच्या पातळीवर, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या मध्याच्या रेषेत, असला पाहिजे. रक्त हे द्रव आहे आणि द्रवाचा दाब खाली जावे तसा वाढतो: दंड हृदयापेक्षा १० सेंटिमीटर खाली असेल तर आकडा सुमारे ८ ने जास्त दिसतो, तेवढाच वर असेल तर तेवढाच कमी दिसतो. शिवाय हात स्वतःच्या ताकदीने उचलून धरला तर त्या श्रमानेही दाब वाढतो, म्हणून तो टेबलावर पूर्ण टेकलेला हवा. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हात मांडीवर ठेवून मोजलेला वरचा आकडा सरासरी ४ ने आणि हात बाजूला लोंबत ठेवून मोजलेला सुमारे साडेसहाने जास्त भरला. जेवणाचे टेबल बहुधा थोडे ठेंगणे पडते. काकूंच्या घरी आम्ही हाताखाली घडी केलेली एक चादर ठेवली, तेव्हा पट्टा छातीच्या मध्यरेषेत आला. ती चादर त्यांनी त्याच कामासाठी बाजूला काढून ठेवली, आणि हे चांगले केले, कारण रोज तीच उंची मिळणे गरजेचे असते. तळहात वर करून, मूठ न वळता, हात सैल सोडावा.

असे बसल्यावर पाच मिनिटे काहीही न करता थांबावे. मोबाइल, दूरदर्शनवरच्या बातम्या, घरातल्यांशी गप्पा यांतले काही नको. ही पाच मिनिटे लोकांना वाया गेल्यासारखी वाटतात, पण पाणी भरून किंवा जिना चढून आलेल्या शरीराचा दाब खाली यायला तेवढा वेळ लागतोच. पट्टा फुगत असताना आणि हवा सुटत असताना बोलायचे नाही, इतरांनीही बोलायचे नाही. फक्त बोलण्यानेसुद्धा वरचा आकडा दहाच्या आसपास चढू शकतो.

वेळ

सकाळी उठल्यापासून साधारण तासाभरात, लघवीला जाऊन आल्यावर, चहापूर्वी, नाश्त्यापूर्वी आणि रक्तदाबाची गोळी घेण्यापूर्वी मोजावे. मोजून झाले की गोळी नेहमीच्या वेळी घ्यावी. मोजण्यासाठी गोळी चुकवायची नाही. गोळीआधीचा आकडा मुद्दाम हवा असतो, कारण आदल्या दिवशीच्या गोळीचा परिणाम चोवीस तास टिकतो की पहाटेपर्यंत ओसरतो, हे त्याच आकड्यावरून डॉक्टरांना कळते. संध्याकाळची वेळ रात्रीच्या जेवणाआधी किंवा झोपण्याआधी अशी कोणतीही एक धरावी आणि आठवडाभर तीच ठेवावी. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, विडी-सिगारेट, तंबाखू, मिसरी किंवा व्यायाम नसावा. लघवी तुंबलेली असतानाही मोजू नये, त्याने आकडा वाढतो. मिसरीचा उल्लेख मी मुद्दाम करते, कारण सकाळी उठल्याबरोबर ती लावणाऱ्या बायकांना तो तंबाखू वाटतच नाही.

प्रत्येक वेळी दोन वाचने घ्यावीत, मध्ये एक मिनिट जाऊ द्यावे. पहिले वाचन बहुधा दुसऱ्यापेक्षा जास्त येते. दोन्हींत दहापेक्षा जास्त अंतर असेल तर तिसरे घ्यावे. त्यापलीकडे मनाजोगता आकडा येईपर्यंत मोजत बसू नये, आणि जरा डोके दुखले की यंत्र काढू नये. भीतीने रक्तदाब वाढतो, वाढलेला पाहून भीती वाढते, आणि अशा आकड्यांवरून उपचार ठरवता येत नाही.

हे सगळे डॉक्टरांच्या भेटीआधी सलग सात दिवस करावे. अगदीच जमले नाही तरी तीन दिवसांपेक्षा कमी नको. औषध बदलून थोडेच दिवस झाले असतील तर हा आठवडा कधी सुरू करायचा ते डॉक्टरांना विचारावे, कारण बहुतेक गोळ्यांचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे जातात.

वहीतली नोंद

यंत्राच्या पडद्यावर `SYS` समोरचा आकडा वरचा, `DIA` समोरचा खालचा आणि `PUL` किंवा `PULSE` समोरचा नाडीचे ठोके दाखवतो. तिन्ही आकडे, तारीख आणि वेळ यांसह, दिसताक्षणी लिहावेत. १४३ ला १४० लिहिणे ही फार पसरलेली सवय आहे. यंत्र सम-विषम सगळेच आकडे दाखवते, त्यामुळे शेवटी नुसती शून्ये असलेली वही पाहिली की डॉक्टरांना ती अंदाजाने भरली असल्याची शंका येते. आवडले नाही म्हणून एखादे वाचन गाळूही नये. त्या दिवशी झोप झाली नसेल, गोळी राहिली असेल, ताप असेल किंवा चक्कर आली असेल, तर शेजारी दोन शब्द लिहावेत. एका यंत्रावर घरातली दोन माणसे मोजत असतील तर यंत्राच्या स्मृतीवर विसंबू नये. तिथे दोघांचे आकडे सहज मिसळतात.

काकूंनी मोठा पट्टा आणून सात दिवस मोजले. पहिल्या दिवसाचे आकडे सकाळी १५७/९२ आणि १५१/८८, संध्याकाळी १४२/८६ आणि १३७/८३ असे होते. पुढचे सहा दिवस असे होते:

| दिवस | सकाळ | संध्याकाळ |
|---|---|---|
| २ | १४३/८५, १३७/८१ | १३३/७९, १२९/७९ |
| ३ | १४४/८७, १४०/८३ | १३५/८१, १२९/७७ |
| ४ | १४१/८३, १३७/८३ | १३६/८२, १३२/८० |
| ५ | १४७/८६, १४१/८४ | १३१/७९, १२७/७७ |
| ६ | १४२/८५, १३८/८३ | १३३/८०, १२९/७८ |
| ७ | १४१/८३, १३७/८१ | १३४/८०, १३२/७८ |

सरासरी काढताना पहिला दिवस सोडून देतात, कारण नव्या कामाच्या धास्तीने त्या दिवशीचे आकडे अनेकदा चढे असतात. तो वहीत मात्र ठेवावा. उरलेल्या चोवीस वाचनांतल्या वरच्या आकड्यांची बेरीज ३२६८, तिला २४ ने भागले की १३६ येतात. खालच्या आकड्यांची बेरीज १९५४, तिची सरासरी ८१. म्हणजे घरचा रक्तदाब १३६/८१. दवाखान्यात १४०/९० ही वाढीव रक्तदाबाची सीमा धरतात, पण घरी ती १३५/८५ अशी धरली जाते, कारण स्वतःच्या घरी माणसाचा रक्तदाब साधारणपणे थोडा कमी असतो. त्यामुळे १३६ हा आकडा सीमेच्या किंचित वरच होता. उपचार चालू असताना तो किती खाली आणायचा, हे वय, मधुमेह, मूत्रपिंडाची स्थिती यांवरून डॉक्टर ठरवतात.

त्याहून जास्त सांगणारी गोष्ट वेगळीच होती. सकाळच्या बारा वाचनांची सरासरी १४१/८४ आणि संध्याकाळच्या बारांची १३२/७९ आली. एकत्र सरासरीत हे दिसले नसते, म्हणून मी वहीच्या शेवटी तिन्ही सरासऱ्या लिहायला सांगते. डॉक्टरांनी वही पाहून पहिला प्रश्न गोळी किती वाजता घेता हाच विचारला. चौदा दिवसांपूर्वी १६८/९८ पाहून काकूंनी स्वतःच गोळी दुप्पट केली असती, तर हे कळायला वाव राहिला नसता, आणि उभे राहताना चक्कर येण्याचा धोका वाढला असता.

भेटीला जाताना वहीसोबत यंत्र आणि पट्टाही न्यावा. घरच्या यंत्राचा आकडा दवाखान्यातल्या यंत्राशी एकाच बैठकीत ताडून पाहता येतो, आणि तुम्ही पट्टा कसा बांधता तेही डॉक्टरांना किंवा परिचारिकेला दिसते. वर्षातून एकदा तरी हे करावे. पट्टा फुगायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागू लागला, वेल्क्रो मध्येच सुटू लागले किंवा सेल क्षीण झाल्याची खूण पडद्यावर आली, तर त्या दिवसांतले आकडे मोजणीत धरू नयेत.

यंत्राची मर्यादा आणि थांबू नये अशी वेळ

हे यंत्र ठोके ऐकत नाही. पट्ट्यातल्या हवेत नाडीमुळे उमटणाऱ्या लहरी ते टिपते आणि त्यांवरून दोन्ही आकडे गणिताने काढते. म्हणून ठोके अनियमित पडत असतील तर त्याचा अंदाज चुकतो. पडद्यावर अनियमित ठोक्यांची खूण वारंवार दिसू लागली तर ती तारखेसह लिहावी आणि पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. हृदयाचा असा विकार आधीच माहीत असेल तर दोनऐवजी तीन वाचने घेऊन सरासरी धरावी. गरोदर स्त्रियांनी या लेखातली सीमा स्वतःला लावू नये. १४०/९० किंवा त्याहून जास्त आकडा आला, किंवा डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे असे काही झाले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

वरचा आकडा १८० किंवा खालचा १२० पेक्षा जास्त आला तर पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजावे. दुसऱ्यांदाही तसाच आला आणि त्रास काही नसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. स्वतःहून जास्तीची गोळी घेऊ नये, कारण दाब एकदम खाली आला तर मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडू शकतो. मात्र छातीत दुखणे, धाप लागणे, चेहरा वाकडा होणे, एका हातापायातली ताकद जाणे, बोलताना जीभ अडखळणे किंवा अचानक दृष्टी धूसर होणे यांतले काहीही असेल, तर दुसरे वाचन घेत बसू नये. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि वही रुग्णासोबत द्यावी.